ड्रम्स उशिरा येतात

आरईओ स्पीडवॅगन या बँडचा गायक केव्हिन क्रोनिन याने एक किस्सा अनेक मुलाखतींत सांगितला आहे. तालमीला तो नुकतंच रचलेलं एक गाणं घेऊन आला. पियानोवर बसून, हळू आवाजात, प्रेमात झालेल्या फसवणुकीबद्दलचं ते गाणं त्याने गाऊन दाखवलं, तेव्हा बाकीच्यांचे चेहरे पडले. हे कसलं रडगाणं, आपण रॉक बँड आहोत, असा एकूण सूर होता. गिटारवादक गॅरी रिचरॅथ तर इतका वैतागला की त्याने आपली लेस पॉल गिटार अॅम्पला जोडली, आवाज चढवला आणि क्रोनिनच्या पियानोवर कर्कश, खरखरीत सूर ओतायला सुरुवात केली. त्याला गाणं बुडवायचं होतं. क्रोनिनने मात्र गाणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांच्याच लक्षात आलं की खाली मऊ पियानो आणि वर ती चिडलेली गिटार हे दोन्ही एकत्र भलतंच छान लागतं आहे.

ते गाणं म्हणजे ‘कीप ऑन लव्हिंग यू’. नोव्हेंबर 1980 मध्ये आलेल्या ‘हाय इन्फिडेलिटी’ या आल्बममधलं हे गाणं मार्च 1981 मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. आल्बम पंधरा आठवडे पहिल्या स्थानावर राहिला आणि 1981 मध्ये अमेरिकेत त्याच्याइतका दुसरा कुठलाही आल्बम खपला नाही. हा बँड काही नवखा नव्हता. इलिनॉयमधल्या शँपेन या विद्यापीठाच्या गावात तो 1967 मध्ये सुरू झाला होता आणि ‘हाय इन्फिडेलिटी’ हा त्यांचा नववा स्टुडिओ आल्बम होता. वर्षातले बरेच महिने बसने गावोगाव हिंडायचं, मध्य-पश्चिमेतल्या सभागृहांत तरुण पोरांसमोर वाजवायचं, आल्बम बऱ्यापैकी विकायचे, असं त्यांचं नीट चाललं होतं. फक्त त्यांचं एकही गाणं कधी पहिल्या चाळिसात गेलं नव्हतं. 1978 ची त्यांची दोन गाणी छप्पन्न आणि अठ्ठावन्न या क्रमांकांवरच अडकली होती.

चाळीस हा आकडा इथे महत्त्वाचा आहे, कारण त्या काळातल्या अमेरिकन रेडिओची भिंत त्याच जागी उभी होती.

भिंतीच्या एका बाजूला एफएमवरची रॉक केंद्रं होती. ती आल्बममधली कुठलीही गाणी वाजवत, लांबलचक असली तरी वाजवत, आणि त्यांचा श्रोता बहुतेक करून सोळा ते पंचवीस वयाचा मुलगा असे. दुसऱ्या बाजूला टॉप फॉर्टी केंद्रं होती. त्यांच्याकडे मोजकीच गाणी आलटूनपालटून दिवसभर वाजत. स्वयंपाकघरात, गाडीत, दुकानात, केशकर्तनालयात तीच लागलेली असत. तिथल्या कार्यक्रम-प्रमुखाला एकच धास्ती असे, की श्रोता बटण फिरवेल. गाण्याचे तुकडे फोनवरून लोकांना ऐकवून कोणतं गाणं ऐकवत नाही हे विचारण्याची पद्धत सत्तरच्या दशकात रुळली होती. एखादं गाणं दहा जणांना अतिशय आवडतं की नाही, यापेक्षा तिघांना ते नकोसं होतं का, याकडे केंद्रांचं जास्त लक्ष असे. डिस्टॉर्शनवरची गिटार पहिल्या पाच सेकंदांत कानावर आदळली की बटण फिरायचं. हार्ड रॉक बँडचं तर सगळं भांडवलच त्या पहिल्या पाच सेकंदांत असे.

‘कीप ऑन लव्हिंग यू’सारख्या पॉवर बॅलडने या अडचणीतून वाट काढली ती क्रम बदलून. गिटार काढून टाकली नाही, फक्त उशिरा आणली. सुरुवातीला पियानो किंवा तारा एकेक करून छेडलेली स्वच्छ गिटार आणि जवळून गाणारा एक आवाज. या टप्प्यावर बटण फिरवावंसं वाटण्यासारखं काहीच नसतं. मग ड्रम्स येतात, ध्रुवपदाला गिटारची भिंत उभी राहते आणि मागे सहगायकांचे आवाज लागतात. पण तोवर दीड मिनिट उलटलेलं असतं आणि श्रोता गाण्यात अडकलेला असतो. आजीबाईंनी गुळात कडू गोळी लपवून द्यावी, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की इथे गोळी खाणाऱ्याला पुढे गोळीचीच चटक लागावी अशी रेकॉर्ड कंपनीची आशा असे.

हे तंत्र एका दिवसात कुणाला सुचलेलं नाही. लेड झेपलिनच्या 1971 च्या ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये जॉन बोनमचे ड्रम्स चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात. पण ते गाणं आठ मिनिटांचं होतं, सिंगलसाठी कापायला बँडने ठाम नकार दिला, आणि पुढे जाताना त्याची लयही वाढत जाते. एरोस्मिथचं ‘ड्रीम ऑन’ 1973 मध्ये आलं तेव्हा एकोणसाठाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. 1976 मध्ये तेच गाणं पुन्हा बाजारात आणल्यावर ते सहावं आलं. शिकागोच्या स्टिक्स या बँडचं ‘लेडी’ हे गाणंही 1973 च्या आल्बममधलं, पण देशभर गाजलं 1975 मध्ये, शिकागोच्या डब्ल्यूएलएस या मोठ्या केंद्राने ते उचलून धरल्यावर. पियानोवर नम्रपणे सुरू होणारं आणि ध्रुवपदाला धाडकन उभं राहणारं हे गाणं ऐकलं की पुढच्या पंधरा वर्षांचा नकाशा समोर दिसतो. डेव्हिड मेट्झर या संगीत-अभ्यासकाने पॉवर बॅलडवर सविस्तर लिहिलं आहे. तो या प्रकाराचं मूळ रॉकमध्ये न शोधता बॅरी मॅनिलोच्या ‘मँडी’सारख्या 1974 च्या पॉप गाण्यात शोधतो. रॉकवाल्यांना हे ऐकून गुदगुल्या होणार नाहीत, पण चढत जाणाऱ्या रचनेपुरतं त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

धंद्याचा धडा मात्र एका अपघाताने दिला. किस या बँडने 1976 मध्ये ‘डेट्रॉइट रॉक सिटी’ हे दणदणीत गाणं सिंगल म्हणून काढलं आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘बेथ’ टाकलं. चेहऱ्याला रंग फासून तोंडातून आग ओकणाऱ्यांच्या बँडमधला ड्रमवादक पीटर क्रिस हे गाणं गातो, सोबतीला पियानो आणि ऑर्केस्ट्रा. बँडचं दुसरं कुणी त्यात वाजवतच नाही. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि मागची बाजूच वाजवायला घेतली. ‘बेथ’ सातव्या क्रमांकावर गेलं आणि मंदावलेल्या ‘डिस्ट्रॉयर’ आल्बमची विक्री पुन्हा उसळली. मैफलीत क्रिस ड्रम्सच्या मागून उठून पुढे येई, ध्वनिफितीच्या साथीवर गाई आणि प्रेक्षकांत गुलाब फेकी. काटेकोरपणे पाहिलं तर ‘बेथ’ पॉवर बॅलड नाहीच, कारण त्यात पॉवर कुठे आहे? पण सर्वांत रानटी दिसणाऱ्या बँडलाही मऊ गाणं खपतं, किंबहुना त्याच विरोधामुळे जास्त खपतं, हे कंपन्यांना त्यातून कळलं.

आता रचनेकडे जरा जवळून पाहू. मराठी कानाला चढत्या संगीताची सवय जुनीच आहे. ख्याल विलंबितातून द्रुताकडे जातो, भजनात टाळकरी हळूहळू लय वाढवत नेतात, कव्वालीत टाळ्या घट्ट होत जातात. आपल्याकडे चढ बहुतेक वेळा लयीतून येतो. पॉवर बॅलडमध्ये लय जागची हलत नाही. पहिल्या ओळीला जो वेग असतो तोच शेवटच्या ओळीला. मिनिटाला साठ ते ऐंशीच्या घरातले ठोके, म्हणजे शांत चालणाऱ्या माणसाच्या पावलांपेक्षाही सावकाश. वाढतं ते वजन. त्याच ठोक्यावर आधी पियानो, मग बास, मग ड्रम्स, मग दुहेरी-तिहेरी रेकॉर्ड केलेल्या गिटारी, मग चौघांचे मिळून गायलेले स्वर. लय संथ असल्यामुळे दोन ठोक्यांमध्ये भरपूर रिकामी जागा असते, म्हणून स्नेअर ड्रमवरचा एकच फटका प्रतिध्वनीसकट ऐकू येतो आणि अवाढव्य वाटतो. जलद गाण्यात तोच फटका पुढच्या फटक्याखाली गाडला जातो. मंद गाण्यात हार्ड रॉक बँड जास्त मोठा वाटतो तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. रेडिओ केंद्रं प्रक्षेपणाआधी आवाज एका यंत्रातून नेतात. ते यंत्र हळू आवाज वर उचलतं आणि मोठा आवाज दाबतं, म्हणजे गाडीच्या घरघरीतही सगळं सारखं ऐकू येतं. ऑर्बन कंपनीचं ऑप्टिमॉड हे यंत्र 1975 मध्ये आलं आणि एफएमवर सर्रास पसरलं. परिणाम असा, की स्टुडिओत कुजबुजल्यासारखा वाजवलेला पियानो रेडिओवर ध्रुवपदाच्या जवळपास इतकाच मोठा ऐकू येतो. नुसता आवाज वाढवून चढ साधायला गेलं, तर तो चढ या यंत्रातच सपाट होतो. म्हणून निर्मात्यांनी चढ आवाजाच्या पातळीत न ठेवता दाटीत ठेवला. वाद्यांची संख्या वाढवायची, गायकाला वरच्या सप्तकात न्यायचं, झांजा उघड्या सोडायच्या, कधी शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी वर सरकवायची. या गोष्टी यंत्राला दाबता येत नाहीत. फसलेली बॅलड ओळखायची खूणही इथेच सापडते. ड्रम्स पहिल्याच कडव्यात आले की पुढे चढायला पायरी उरत नाही आणि तिसऱ्या ध्रुवपदापर्यंत गाणं दमून जातं.

‘कीप ऑन लव्हिंग यू’ सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपतं. तेवढ्यात पियानोवरची सुरुवात, फुगत जाणारं ध्रुवपद आणि रिचरॅथचा गिटार सोलो हे सगळं बसवलं आहे. या सोलोकडे लक्ष द्यायला हवं. हार्ड रॉकमधला सोलो म्हणजे बोटांच्या वेगाचं प्रदर्शन, निदान तसा समज तरी असतो. बॅलडमधला सोलो गुणगुणता यावा लागतो. गायकाचं म्हणणं गिटार पुढे नेते, आणि ज्या पोराने मित्रांदेखत हे गाणं ऐकायला लाजावं, त्याला तिथे सबब मिळते: मी गिटारसाठी ऐकतोय. बहिणीला शब्द, भावाला सोलो. एकाच घरात एकच आल्बम दोन वेगवेगळ्या कारणांनी विकत घेतला जाऊ लागला.

एमटीव्ही 1 ऑगस्ट 1981 ला सुरू झालं आणि या गणितात चेहरा आला. जर्नीच्या 1983 च्या ‘फेथफुली’च्या व्हिडिओत बस, विमानतळ, आरसा, दाढी, रिकामं सभागृह अशी दौऱ्यावरच्या आयुष्याची दृश्यं होती. 1985 मध्ये मॉटली क्रू या लॉस एंजेलिसच्या बँडने तोच धागा उचलला. त्यांची ख्याती दंगामस्तीची, आल्बमच्या मुखपृष्ठावर सैतानी चिन्हं मिरवणारे म्हणून पालकांच्या काळ्या यादीत वर. ‘होम स्वीट होम’मध्ये ड्रमवादक टॉमी ली पियानोवर बसला. वेन आयशमने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत टेक्सासमधल्या त्यांच्या मैफलींची दृश्यं संथ गतीत उलगडतात. तीच माणसं, तेच केस, तोच चामड्याचा पोशाख, पण आता ती थकलेली, घराची आठवण काढणारी. दंगेखोराला आईची आठवण आली की प्रेक्षक विरघळतो, हे आपल्या चित्रपटांनाही कधीपासून ठाऊक आहे.

गंमत म्हणजे ‘होम स्वीट होम’ बिलबोर्डच्या मुख्य यादीत एकोणनव्वदाव्या क्रमांकापुढे गेलंच नाही. रेडिओने ते फारसं वाजवलं नाही. पण एमटीव्हीवर प्रेक्षकांच्या फोनवरून ठरणाऱ्या यादीत ते महिनोन्‌महिने हलेना. शेवटी जुन्या व्हिडिओला ठरावीक काळानंतर यादीतून निवृत्त करण्याचा नियम वाहिनीने केला आणि त्याला धंद्यात याच बँडचं नाव चिकटलं. फोन कोण करतं हे कंपन्यांना दिसलं. मोठ्या संख्येने शाळकरी मुली. रॉबर्ट वॉल्सर या अभ्यासकाने ‘रनिंग विथ द डेव्हिल’ या 1993 च्या पुस्तकात हेवी मेटलच्या श्रोतृवर्गात ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मुलींचं प्रमाण कसं वाढलं आणि त्यात बॉन जोव्हीसारख्या बँडचा वाटा किती, हे मांडलं आहे. बॅलड हे त्या बदलाचं एकमेव कारण नव्हतं, पण सर्वांत रुंद दार तेच होतं.

1988 उजाडेपर्यंत गाणी बाजारात आणण्याचा क्रम जवळजवळ ठरून गेला. पहिलं सिंगल दणक्याचं, म्हणजे जुना चाहता नाराज होत नाही आणि बँडला कुणी मऊ म्हणत नाही. बॅलड दुसरी किंवा तिसरी, आल्बमची विक्री मंदावायला लागली की. पॉयझनने ‘एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न’ आल्बममधलं तिसरं सिंगल म्हणून काढलं आणि ते 1988 सरताना पहिल्या क्रमांकावर गेलं. न्यू जर्सीच्या स्किड रोने 1989 मध्ये ‘यूथ गॉन वाइल्ड’ने सुरुवात केली, ते नव्याण्णवावं. मग आलेलं ‘एटीन अँड लाइफ’ चौथं, आणि त्यानंतरची खरीखुरी बॅलड ‘आय रिमेम्बर यू’ सहावी. पहिल्या सिंगलचं अपयश हे खरं अपयश नव्हतं, ते ओळखपत्र होतं. आम्ही कोण आहोत हे ठणकावून सांगितल्यावर रडायची मुभा मिळत होती.

मुभा मिळाली की कुरकुरही सुरू झाली. तिची सर्वांत बोलकी कहाणी चीप ट्रिकची. इलिनॉयमधल्याच रॉकफर्डचा हा बँड, खट्याळ आणि तिरकस गाण्यांसाठी प्रसिद्ध, जपानमधल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणामुळे मोठा झालेला. ऐंशीच्या दशकात त्यांची घसरण झाली. 1988 च्या आल्बमसाठी कंपनीने बाहेरच्या दोघा गीतकारांनी लिहिलेली ‘द फ्लेम’ ही बॅलड त्यांच्यापुढे ठेवली. बँडला ती आवडली नव्हती. तरी त्यांनी ती गायली आणि जुलै 1988 मध्ये ती दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. बँडच्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीतलं पहिल्या क्रमांकाचं गाणं तेवढं एकच, आणि तेही स्वतः न लिहिलेलं. दहा वर्षांनी एरोस्मिथचंही तसंच झालं. त्यांचं अमेरिकेतलं एकमेव अव्वल गाणं ‘आय डोंट वॉन्ट टू मिस अ थिंग’, चित्रपटासाठी, डायन वॉरनने लिहिलेलं. ‘ड्रीम ऑन’ स्वतः रचणाऱ्या बँडबाबत हे व्हावं, यात थोडी क्रूर चेष्टा आहे.

बाहेरचे गीतकार येण्यामागे कारण होतं. रिफवर, म्हणजे गिटारच्या एका आवर्ती तुकड्यावर, गाणी बांधणाऱ्या बँडला लांब पल्ल्याची चाल आणि तिला पेलणारं ध्रुवपद लिहायची सवय नसे. बॅलडला नेमकं तेच लागे. हार्ट या बँडचं 1987 मधलं अव्वल गाणं ‘अलोन’ हे बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केली या गीतकार-जोडीचं, आधी त्यांनी स्वतःच रेकॉर्ड केलेलं आणि कुणाच्या लक्षातही न राहिलेलं. अॅन विल्सनच्या गळ्यात गेल्यावर त्याचा डोंगर झाला. म्हणजे गाण्याचा आराखडा दुकानातून आणता येत होता, पण ध्रुवपदाची ती उडी घ्यायला गळा मात्र घरचाच लागे.

भारतात हे सगळं थोडं उशिरा आणि उलट्या क्रमाने पोचलं. 1991 नंतर केबल आणि स्टारबरोबर एमटीव्ही आलं, तेव्हा हार्ड रॉकशी अनेकांची पहिली भेट बॅलडमधूनच झाली. जर्मनीच्या स्कॉर्पियन्सची तारा एकेक करून छेडलेली गाणी पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत वाजत राहिली, आणि हा बँड डिसेंबर 2007 मध्ये मुंबईत आला तेव्हा त्या गाण्यांवर वाढलेला श्रोता चांगलाच प्रौढ झाला होता. गिटारच्या क्लासला जाणाऱ्या पोराला शिकायचं असे ते मात्र एक दुसरंच गाणं, ज्यात ड्रम्स नाहीतच.

ते बॉस्टनच्या एक्स्ट्रीम या बँडचं ‘मोअर दॅन वर्ड्स’. 1990 च्या ‘पोर्नोग्राफिटी’ या आल्बममध्ये नुनो बेटनकोर्टची भन्नाट वेगवान, फंकच्या ठेक्यावर नाचणारी गिटार आहे. कंपनीने सुरुवातीची सिंगल्सही तशीच काढली. ती अमेरिकेत फारशी चालली नाहीत. मग आलं हे गाणं: एक अॅकॉस्टिक गिटार, गॅरी शेरोनचा आवाज आणि त्यावर बेटनकोर्टचा दुसरा आवाज, बस. ठेका तोच गिटारच्या तारांवर हाताने थाप मारून देतो. जून 1991 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या फेब्रुवारीत मिस्टर बिग या अशाच वेगवान बोटांच्या बँडचं ‘टू बी विथ यू’ तिथेच पोचलं, तेही अॅकॉस्टिक, आणि आल्बमचं शेवटचं गाणं.

तोपर्यंत सिअॅटलच्या निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ जानेवारी 1992 मध्ये आल्बमच्या यादीत अव्वल आला होता. तिथेही कडवं हळू आणि ध्रुवपद दणदणीत, पण गोड पियानो नाही, विनम्र सोलो नाही, मैफलीत लाइटर पेटवून डोलण्याजोगं काही नाही. रॉक केंद्रांनी केस फुगवलेल्या बँडांना पाठ दाखवली, आणि पॉप केंद्रांना बॅलडसाठी रॉक बँडच हवा अशी गरज कधीच नव्हती. दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे असलेले बँड मधल्या मध्ये पडले. एक्स्ट्रीमच्या मैफलींना ‘मोअर दॅन वर्ड्स’ ऐकून आलेल्या श्रोत्यांची तर पंचाईतच होई. त्यांनी ज्या बँडचं तिकीट काढलेलं असे, तो बँड उरलेला दीड तास त्यांच्यासमोर काहीतरी वेगळंच, पुष्कळ मोठ्या आवाजात, वाजवत असे.

या गाण्याचा कृष्णधवल व्हिडिओ आजही पाहायला मिळतो. सुरुवातीलाच बासवादक पॅट बॅजर आणि ड्रमवादक पॉल गिअरी आपापली वाद्यं बाजूला सारतात. पुढे स्टुलांवर बसून शेरोन आणि बेटनकोर्ट गातात. मागे गिअरी निवांत बसला आहे, चेहऱ्यावर किंचित मिश्कील भाव, आणि हातात पेटवलेला लाइटर.